‘शेकडो चेहऱ्यांवर हास्य फुलले’: हे वाक्य खोडताना काय करावे, काय टाळावे

मार्च संपला की स्वयंसेवी संस्थांच्या कार्यालयांत वार्षिक अहवालाची लगबग सुरू होते. त्या दिवसांत दोन-चार मसुदे माझ्याकडे ‘जरा भाषेवर नजर टाका’ म्हणून येतात. भाषा बहुतेक वेळा ठीकच असते, कधी कधी जरा जास्तच ठीक. अडचण अशी की ती ज्याबद्दल बोलते ते मोजलेले असूनही कागदावर येत नाही. कार्यकर्तीच्या वहीत आकडा असतो आणि अहवालात त्याच्या जागी विशेषण बसलेले असते.

खालचा परिच्छेद मी समजावण्यासाठी रचला आहे आणि पुढे येणारे त्याचे आकडेही. बाज मात्र ओळखीचा वाटेल. आदिवासी तालुक्यातल्या 22 पाड्यांवर सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांच्या कुपोषणावर एक संस्था काम करते. ती लिहिते:

> कुपोषणाच्या विळख्यात सापडलेल्या शेकडो निरागस बालकांना आमच्या प्रकल्पाने नवे जीवन दिले. कार्यकर्त्यांच्या अथक परिश्रमांमुळे केंद्रात दाखल झालेली 85 टक्के बालके पूर्ण बरी झाली आणि परिसरातील तीव्र कुपोषण निम्म्यावर आले. आज पाड्यापाड्यावर हास्य फुलले आहे.

यात खोटे बोलायचा कुणाचाही हेतू नाही. तरीही पहिल्या वाक्यात आकडा नाही, दुसऱ्यात दोन आहेत पण दोन्ही घसरणारे, आणि तिसरे कोणत्याही संस्थेच्या अहवालात डकवता येईल. हे दुरुस्त कसे करायचे, त्याची ही यादी.

करा: प्रत्येक विशेषणाला ‘कितीपैकी किती?’ विचारा.

लाल पेन घेऊन ‘शेकडो’, ‘असंख्य’, ‘बहुतांश’, ‘भरीव’, ‘लक्षणीय’ या शब्दांखाली रेघ मारा. मग कार्यकर्तीला वह्या घेऊन शेजारी बसवा. आपल्या उदाहरणात वही असे सांगते: ऑगस्टमध्ये 22 पाड्यांवर 1,240 मुलांची यादी झाली. त्यांपैकी 1,116 मुलांचा दंडघेर मोजला. 124 मुले दोनदा जाऊनही घरी भेटली नाहीत. मोजलेल्यांपैकी 64 मुलांचा दंडघेर 115 मिलिमीटरपेक्षा कमी निघाला, म्हणजे पट्टीच्या लाल भागात.

‘शेकडो’ म्हणजे प्रत्यक्षात 64. हा आकडा छोटा वाटतो म्हणूनच विशेषण आले होते. पण 1,116 मधले 64 म्हणजे 5.7 टक्के, दर अठरा मुलांमागे जवळपास एक तीव्र कुपोषित. हे ‘शेकडो’पेक्षा जड आहे आणि कुणी वही मागितली तर दाखवताही येते.

न मोजलेली 124 मुलेही लिहा. ती गाळली की ‘सर्व मुलांची तपासणी केली’ असे वाक्य आपोआप तयार होते.

टाळा: सोयीचा छेद.

सगळ्या यादीत मी इथे सर्वात जास्त थांबतो, कारण चांगल्या माणसांचे हात इथेच घसरतात.

64 मुलांचे पुढे काय झाले? पाच मुलांना ताप, जुलाब, अंगावर सूज अशा तक्रारी होत्या, म्हणून त्यांना थेट रुग्णालयातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवले. दोन घरांनी नकार दिला. उरलेली 57 अंगणवाडीतल्या ग्राम बाल विकास केंद्रात दाखल झाली. बारा आठवड्यांनंतर त्यांची वाटणी अशी होती: 39 बरी झाली, 11 मध्येच सुटली, 6 पूर्ण मुदत राहूनही बरी झाली नाहीत, 1 दगावले. बेरीज 57. ही बेरीज जुळते की नाही हे आधी पाहा. ती जुळेपर्यंत एकही वाक्य लिहू नका.

आता ‘85 टक्के’ कुठून आले? लिहिणाऱ्याने मध्येच सुटलेली 11 मुले बाजूला काढली. ‘ती आपल्याकडे राहिलीच नाहीत, मग ती का धरायची?’ असा त्याचा सरळ प्रश्न होता. उरली 46. 46 पैकी 39 म्हणजे 85 टक्के. गणित बरोबर, वाक्य चूक. कारण वाक्य ‘दाखल झालेली’ म्हणते आणि दाखल 57 झाली होती. 57 पैकी 39 म्हणजे 68 टक्के. आणि सुरुवातीला सापडलेल्या सगळ्या 64 मुलांवर भागले, तर या केंद्रातून बरी होऊन बाहेर पडली 61 टक्के.

मुले तीच 39. छेद बदलला की 85, 68 आणि 61. तिन्ही आकडे प्रामाणिकपणे लिहिता येतात, अट एवढीच की छेद त्याच वाक्यात हवा. तळटीपेत नव्हे, परिशिष्टात नव्हे. मी स्वतः 68 मुख्य मजकुरात घेईन, कारण या क्षेत्रात दाखल होऊन बाहेर पडलेल्या सगळ्यांवर, म्हणजे बरे झालेले, दगावलेले, मध्येच सुटलेले आणि बरे न झालेले, यांच्या बेरजेवर भागायची रीत आहे. आपत्तीतल्या मदतकार्यासाठी वापरली जाणारी स्फिअर मानके तीव्र कुपोषणाच्या उपचारासाठी असे म्हणतात: बरे होण्याचे प्रमाण 75 टक्क्यांच्या वर, मध्येच सुटण्याचे 15 च्या खाली, मृत्यूचे 10 च्या खाली. त्या पट्टीवर आपली संस्था मृत्यूत उत्तीर्ण आहे, बाकी दोन्हींत मागे: 68 आणि 19.

इथे संचालक म्हणतात, ‘मग हे लिहायचे कशाला?’ कारण पुढच्याच ओळीत खरी बातमी आहे. सुटलेल्या 11 पैकी 8 मुले दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेली. उपचार फसला नाही, कुटुंब हलले. या एका ओळीवरून पुढच्या वर्षीचा खर्च मागता येतो: भट्टीवर जाऊन दंडघेर मोजणारी एक कार्यकर्ती, तिचा प्रवासखर्च, आणि पाड्यावरून भट्टीवर मुलासोबत जाणारे एक कार्ड. 85 टक्के लिहिले असते तर ही मागणी करायला जागाच उरली नसती.

करा: ‘बरे झाले’ म्हणजे काय, ते एकदा लिहून ठेवा.

‘पूर्ण बरी’, ‘सुदृढ’, ‘धोक्याबाहेर’ हे तीन शब्द एकाच अहवालात तीन पानांवर येतात आणि तिन्हींचा अर्थ लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतो. आपल्या उदाहरणात व्याख्या अशी घेऊ: अंगावर सूज नाही आणि दंडघेर सलग दोन आठवडे 125 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. पहिल्या पानावर चौकटीत हे लिहा आणि मग शेवटपर्यंत ‘बरे झाले’ एवढेच म्हणा. मराठीच्या तासाला शिकवलेले ‘एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नये’ इथे विसरायचे.

दंडघेराने मोजले की उंचीच्या मानाने वजनाने, हेही सांगा. दोन्ही पद्धती थोडी वेगवेगळी मुले पकडतात. अंगणवाडीच्या नोंदी उंची-वजनावर चालतात आणि तुमची यादी दंडघेरावर असेल, तर दोन्ही आकडे जुळणार नाहीत. कुणी चुकले म्हणून नव्हे, मोजपट्टी वेगळी म्हणून. हे आधी लिहिले नाही तर पर्यवेक्षिका आणि संस्था यांच्यात उगाच खडाजंगी होते.

आणि ‘पूर्ण बरी’तला ‘पूर्ण’ काढा. तीन महिन्यांनी पुन्हा भेट दिली तेव्हा 39 पैकी 33 मुले सापडली. त्यांतली 29 बरी राहिली होती, 4 पुन्हा 125 च्या खाली घसरली होती, 6 भेटलीच नाहीत. या तीन आकड्यांसमोर ‘पूर्ण’ टिकत नाही.

टाळा: ऑगस्टची जानेवारीशी तुलना करून ‘निम्म्यावर आले’ म्हणणे.

जानेवारीत पुन्हा मोजणी झाली. तेव्हा 31 मुले तीव्र कुपोषित निघाली. 64 वरून 31, म्हणून ‘निम्म्यावर’. पण जानेवारीत मोजली गेली किती? 890. यादीतली 350 मुले पाड्यावर नव्हती. 890 पैकी 31 म्हणजे 3.5 टक्के. म्हणजे प्रमाण 5.7 टक्क्यांवरून 3.5 टक्क्यांवर आले. घट आहे, पण निम्मी नाही.

एवढ्यावर संपत नाही. या भागात ऑगस्ट म्हणजे लावणीचे कष्ट, रिकाम्या कणग्या आणि जुलाब. जानेवारी म्हणजे भात घरात आलेला. प्रकल्प नसता तरी जानेवारीचा आकडा ऑगस्टपेक्षा कमीच असता. त्यात स्थलांतर करणारी कुटुंबे बहुधा जास्त गरीब, म्हणजे ज्यांची मुले लाल पट्टीत असण्याची शक्यता जास्त, तीच मोजणीतून बाहेर.

म्हणून ऑगस्टची तुलना पुढच्या ऑगस्टशीच करा. तशी मोजणी अजून झाली नसेल तर दोन्ही आकडे महिना आणि मोजलेल्यांची संख्या यांसह द्या, आणि ‘ऋतू आणि स्थलांतर यांचा परिणाम यातून वेगळा काढता आलेला नाही’ असे एक वाक्य जोडा. देणगीदार हे वाचून पैसे काढून घेतो अशी भीती असते. माझा अनुभव उलट आहे: अनुदान तपासणारी माणसे हे वाक्य नसेल तर ते स्वतः प्रश्न म्हणून विचारतात, आणि तेव्हा उत्तर द्यायला वार्ताहर बैठकीसारखा घाम फुटतो.

टाळा: ‘-मुळे’.

मराठीत दावा करायला दोन अक्षरे पुरतात. ‘प्रकल्पामुळे’, ‘परिश्रमांमुळे’, ‘जनजागृतीमुळे’. संगणकावर ‘मुळे’ शोधा आणि प्रत्येक ठिकाणी थांबा. (‘मुले’ची चुकून झालेली ‘मुळे’ही त्यात सापडतात, तो वरचा फायदा.) तुमच्याकडे प्रकल्प नसलेल्या पाड्यांचे तेच आकडे, त्याच महिन्यांतले आहेत का? नसतील तर ‘प्रकल्पाच्या काळात’ असे लिहा.

सर्वात कमकुवत मुले निवडली की त्यांतली काही नुसत्या काळानेही वर येतात, हे लक्षात असू द्या. ऑगस्टमध्ये जुलाबाने आटलेले मूल सप्टेंबरात जुलाब थांबले की थोडे भरतेच. ते श्रेय आपल्या खात्यात आपोआप जमा होते.

‘मुळे’ लिहायचा हक्क कसा मिळतो, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला तेव्हा 39 गावांत सेवा दिली आणि 47 गावांत फक्त मोजणी केली. 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेले आकडे असे: सुरुवातीला हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू सेवेच्या गावांत 62 आणि तुलनेच्या गावांत 58. सेवेच्या तिसऱ्या वर्षी सेवेच्या गावांत 25.5, तुलनेच्या गावांत 59.6. चार आकडे, एकही विशेषण नाही. तुलनेची गावे जागच्या जागी राहिली म्हणून घट सेवेची, असे म्हणता येते. लहान संस्थेला 47 जादा गावे मोजणे परवडणार नाही, हे मान्य. मग ‘मुळे’ही परवडत नाही.

करा: मृत्यू लिहा.

57 पैकी 1 मूल दगावले. मसुद्यात ते कुठेच नव्हते. ‘एकच तर आहे, उगाच गैरसमज होईल’ असे कुणीतरी म्हटलेले असते. बेरीज 57 दाखवायची असेल तर हे मूल लपत नाही, लपवले की 56 होतात. वाक्य साधे ठेवा: वय महिन्यांत, दाखल झाल्यापासून किती दिवसांनी, कुठे, आणि रुग्णालयाने नोंदवलेले कारण. ‘दुर्दैवाने’, ‘काळाने झडप घातली’ असले काही नको. पाड्याचे नावही नको, इतक्या छोट्या वस्तीत घर लगेच ओळखता येते. संदर्भपत्र दिल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंत किती तास गेले हे वहीत असेल तर ते जरूर लिहा. ती माहिती बाकी सगळ्या पानांपेक्षा उपयोगी पडू शकते.

टाळा: काम हाच परिणाम म्हणून दाखवणे.

‘14 पाककृती प्रात्यक्षिके, 212 मातांचा उत्स्फूर्त सहभाग.’ हे काम झाले. ते लिहा, पण कामाच्या पानावर. परिणामाच्या पानावर प्रश्न वेगळा आहे: दोन महिन्यांनी किती घरांत मुलाच्या ताटात डाळ, अंडे किंवा तेल आदल्या दिवशी होते? विचारले नसेल तर ते पान कोरे सोडा. ‘मातांमध्ये जागृती निर्माण झाली’ने ते भरू नका.

‘उत्स्फूर्त’ही काढा. जेवण होते म्हणून आल्या असतील. त्यात काही वाईट नाही.

टाळा: लाभार्थ्यांची खिचडी.

एकच मूल दंडघेर मोजणीत, ग्राम बाल विकास केंद्रात आणि आरोग्य शिबिरात आले की एकूण बेरजेत ते तिघे होतात, आणि त्याची आई प्रात्यक्षिकाला आली असेल तर चौघे. ‘5,000 आयुष्यांना स्पर्श’ असाच तयार होतो. वेगवेगळ्या उपक्रमांच्या हजेऱ्या मिळवू नका. माणसे मोजायची असतील तर नावाने एकदाच मोजा. जमत नसेल तर उपक्रमागणिक आकडे वेगळे द्या आणि एकूण देऊ नका.

छोट्या गोष्टी, पण नडणाऱ्या.

पट लहान असेल तर नुसती टक्केवारी देऊ नका. पोषण पुनर्वसन केंद्रात गेलेल्या 5 पैकी 4 बरी झाली तर ‘80 टक्के यश’ नको, ‘5 पैकी 4’ पुरे. 68.42 टक्केही नको. 57 मुलांत एक मूल इकडचे तिकडे झाले तरी जवळपास दोन टक्के हलतात, तिथे दशांशचिन्हापुढची दोन घरे म्हणजे नुसता रुबाब.

‘दुप्पट वाढ’ हा मराठीतला सापळा आहे. 20 चे 40 झाले की 60, यावर वाचकांचे दोन तट पडतात. ‘20 वरून 40’ लिहा, वाद मिटतो. ‘करण्यात आले’ही तसेच. ‘मोजमाप करण्यात आले’ म्हणजे कोणी केले? ज्या कार्यकर्तीने उपचार केला तिनेच शेवटचा दंडघेर मोजला असेल तर तेही लिहावे लागते. पट्टी किंचित सैल धरली की 123 चे 125 होतात आणि धरणाऱ्या हाताला ते कळतही नाही. दहातले एक मूल दुसऱ्या कुणी पुन्हा मोजले असेल, तर दोघींच्या मापांत किती फरक आला ते एका ओळीत द्या.

करा: एका मुलाची गोष्ट ठेवा, पण ती निवडताना हात बांधून घ्या.

आकडे आले म्हणून माणसे हाकलायची नाहीत. फक्त सर्वात चमत्कारिक सुधारलेले मूल छापायचे नाही. 39 मुलांना बरे व्हायला किती दिवस लागले याची उतरंड लावा आणि मधले, म्हणजे विसावे मूल घ्या. त्याची गोष्ट बहुधा कंटाळवाणी असेल: चौथ्या आठवड्यात घसरण, मग ताप, मग हळूहळू भर. तीच खरी. नाव बदला, पाडा सांगू नका, आईची संमती तिला समजेल अशा बोलीत घ्या. हाडे दिसणारा ‘आधी’चा फोटो छापू नका. दंडघेराचा आलेख छापा.

हे सगळे केल्यावर सुरुवातीचा परिच्छेद असा होतो:

> ऑगस्टमध्ये 22 पाड्यांवरील 1,240 पैकी 1,116 मुलांचा दंडघेर मोजला. 64 मुले (5.7 टक्के) तीव्र कुपोषित आढळली. त्यांपैकी 5 रुग्णालयात पाठवली, 2 कुटुंबांनी नकार दिला, 57 ग्राम बाल विकास केंद्रात दाखल झाली. बारा आठवड्यांत या 57 पैकी 39 बरी झाली (68 टक्के), 11 मध्येच सुटली, 6 बरी झाली नाहीत, 1 दगावले. सुटलेल्यांपैकी 8 मुलांची कुटुंबे वीटभट्टीवर गेली होती. तीन महिन्यांनी बऱ्या झालेल्यांपैकी 33 मुले भेटली, 29 बरी राहिली होती. जानेवारीत पाड्यांवर असलेल्या 890 मुलांत तीव्र कुपोषणाचे प्रमाण 3.5 टक्के होते. यातून ऋतू आणि स्थलांतराचा परिणाम वेगळा काढता आलेला नाही.

छापायला देण्याआधी हा परिच्छेद अंगणवाडी सेविकेला वाचून दाखवा. ती ‘अकरा नाही ताई, बारा, त्या भट्टीवाल्याची धाकटी राहिली’ म्हणाली, तर तिची वही पुन्हा उघडा आणि बेरीज पहिल्यापासून करा.